गाडी एकाची, पाणी सगळ्यांचं

वाघोली, उंड्री, बावधन, पिसोळी ही पुण्याच्या कडेची उपनगरं. तिथल्या मोठ्या सोसायट्यांमध्ये पहाटे पाच-साडेपाचला पार्किंगमध्ये बादल्यांचे आवाज सुरू होतात. खांद्यावर दोन-तीन फडकी टाकलेली मुलं एकेका गाडीभोवती फिरत असतात. साडेनऊपर्यंत ऑफिसला जाणाऱ्या गाड्या पुसून झालेल्या असतात. गाडीमालक महिन्याला ठरलेली रक्कम देतो. त्यात रोजचं पुसणं, आठवड्यातून एकदा शाम्पू लावून धुणं आणि कधी महिन्यातून एकदा आतून व्हॅक्यूम एवढं धरलेलं असतं. पूर्वी हे काम वॉचमन किंवा जवळच्या वस्तीतला एखादा मुलगा परस्पर करायचा. आता त्यासाठी कंपन्या आल्या आहेत. त्या गणवेश घालून माणसं पाठवतात, मोबाइलवर हजेरी लावतात आणि सोसायटीच्या कमिटीकडे रीतसर अर्ज देतात.

असा अर्ज आला की कमिटीत चर्चा होते ती दराची, वेळेची आणि सुरक्षेची. पाण्याचा विषय निघालाच तर शेवटी, ‘पाणी जपून वापरावं’ एवढ्या वाक्यावर संपतो. माझ्या मते चर्चेची सुरुवातच पाण्यापासून व्हायला हवी. दर हा गाडीमालक आणि कंपनी यांच्यातला व्यवहार आहे. पाणी मात्र सगळ्या घरांचं आहे, आणि कमिटीने परवानगी देणं म्हणजे प्रत्यक्षात त्या पाण्याची परवानगी देणं.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पाणीपट्टीची वाटणी प्रत्येक सदनिकेतल्या नळांची संख्या आणि आकार यांवरून करायची असते. पुष्कळ सोसायट्या सोयीसाठी सरळ सगळ्यांना सारखी रक्कम लावतात आणि टँकरचं बिलही तसंच वाटतात. दोन्ही पद्धतींत पार्किंगमधल्या सामाईक नळाचं पाणी कुणाच्याच नावावर येत नाही. त्याचा खर्च सर्वांच्या मेंटेनन्समध्ये मिसळतो. ज्या घरात गाडी नाही त्या घराच्या बिलातही तो असतो.

हा खर्च किती, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, सोसायटीत दोनशे घरं आहेत आणि नव्वद गाड्यांनी महिन्याची सेवा घेतली आहे. महिन्यात कामाचे सव्वीस दिवस. त्यातले चार दिवस प्रत्येक गाडी धुतली जाते आणि बावीस दिवस नुसती पुसली जाते. पार्किंगच्या नळाला पाइप लावला की मिनिटाला किती लिटर पाणी पडतं हे कुणालाही घड्याळ लावून मोजता येतं. वीस लिटरची बादली ऐंशी सेकंदांत भरली तर प्रवाह मिनिटाला पंधरा लिटरचा. गाडी धुताना पाइप एकूण आठ मिनिटं चालू राहिला, मधे साबण लावताना जमिनीवर वाहत राहिला ती मिनिटंही त्यात धरली, तर एका गाडीला एकशेवीस लिटर लागले. नव्वद गाड्यांच्या चार धुण्यांना त्रेचाळीस हजार दोनशे लिटर. पुसायला गाडीमागे चार लिटर धरले तर आणखी जवळपास आठ हजार. म्हणजे महिन्याला एक्कावन्न हजार लिटर, दहा हजारी टँकर धरले तर पाच टँकर.

पाइप काढून बादलीने धुतलं, तर साबणाचं आणि साधं पाणी मिळून गाडीला पस्तीस लिटर पुरतात. तेव्हा धुण्याचं पाणी बारा हजार सहाशे लिटरवर येतं आणि पुसण्याचं धरून एकूण साधारण साडेवीस हजार लिटर होतं. गाड्या तेवढ्याच, धुण्याचे दिवस तेवढेच, तरी तीन टँकर वाचले. उच्च दाबाचा लहान पंप वापरला तरी आकडा बादलीच्याच आसपास राहतो, कारण त्याच्या तोटीतून मिनिटाला सहा-सात लिटरच पाणी जातं आणि चाप सोडला की ते थांबतं. मात्र पहाटे सहाला पंपाचा आवाज तळमजल्यावरच्या घरांत ऐकू जातो. शिवाय ओल्या फरशीवर विजेचं यंत्र चालवायचं तर त्या प्लगला तीस मिलीअँपिअरचं गळती-संरक्षक स्विच असलंच पाहिजे. तळघरात लोंबकळत्या वायरवर असा पंप चालू दिसला तर कमिटीने तो त्याच क्षणी बंद करावा.

पाच टँकरचं पाणी म्हणजे किती? शहरी पाणीपुरवठ्याच्या आखणीत, जिथे मलनिस्सारणाची व्यवस्था आहे तिथे, माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरतात. चौघांच्या घराला दिवसाला ५४० लिटर. एक्कावन्न हजार लिटर म्हणजे त्या घराचं तीन महिन्यांचं पाणी.

पैशांच्या बाजूने मात्र हा आकडा फार मोठा नाही, हेही सांगायला हवं. टँकर बाराशेला धरला तर पाच टँकरचे सहा हजार होतात. दोनशे घरांत वाटले तर घरामागे तीस रुपये. एवढ्यासाठी कुणी भांडत नाही. भांडण होतं ते एप्रिल-मेमध्ये, सकाळी नळ कोरडा असतो आणि खाली पार्किंगमध्ये पाइप चालू दिसतो तेव्हा. त्या दिवशी तीस रुपयांचा हिशेब कुणाच्या कामाचा नसतो, कारण पैसे द्यायची तयारी असूनही टँकर मिळत नसतो. २०२४च्या मार्चमध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घातली आणि पाच हजार रुपये दंड ठेवला. काही दिवसांतच बावीस घरांकडून एक लाख दहा हजार रुपये वसूल झाले. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली सरकारने पाइपने गाडी धुण्यासारख्या नासाडीला दोन हजारांचा दंड लावला. बाहेरून बंदी येण्याची वाट न बघता सोसायटीने आपला नियम आधीच ठरवलेला बरा.

त्यासाठी सगळ्यात उपयोगी गोष्ट फार साधी आहे. गाड्या धुण्यासाठी पार्किंगमधला एकच नळ ठरवायचा, त्यावर अर्धा इंची पाण्याचं मीटर बसवायचं आणि बाकीच्या नळांना कुलूप लावायचं. मीटरवरचे काळे आकडे हजार लिटरचे असतात आणि लाल आकडे त्याखालचे. महिन्याच्या पहिल्या तारखेला काळे आकडे टिपले की महिन्याचा वापर कळतो. मग वर्गणी घेणाऱ्यांनीच त्या पाण्याचे पैसे द्यायचे की नाही हे सभासद ठरवू शकतात. आपल्या उदाहरणात बादली वापरली तर गाडीमागे महिन्याला सत्तावीस-अठ्ठावीस रुपये येतात. ते कंपनीने आपल्या दरात धरून सोसायटीला मीटरप्रमाणे भरावेत, ही माझ्या मते सर्वांत स्वच्छ पद्धत आहे. पाण्याचे पैसे स्वतःच्या खिशातून जायला लागले की पाइप न लावण्याची काळजी कंपनीच घेते.

आता पाण्याचा पर्याय. मोठ्या संकुलांत सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प असतो. त्याचं पाणी फ्लशला आणि बागेला जातं, तरी पुष्कळदा उरतं. ते गाड्यांना वापरावं, ही सूचना प्रत्येक सभेत येते आणि दोन महिन्यांत मागे पडते. मागे पडण्याचं कारण बहुधा पांढरे डाग. शुद्ध केलेल्या सांडपाण्यात विरघळलेले क्षार नळाच्या पाण्यापेक्षा जास्त असतात, आणि पाणी वाळलं की ते काचेवर आणि बॉनेटवर उरतात. बोअरच्या जड पाण्याने आणि आरओ यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यानेही हेच होतं. क्षार मोजण्याचं पेनाएवढं मीटर बाजारात मिळतं. नळाचं पाणी आणि प्रकल्पाचं पाणी दोन ग्लासांत घेऊन मोजलं की फरक समोर दिसतो.

म्हणून कामाची विभागणी करावी लागते. चाकं, मडगार्ड, गाडीची खालची बाजू, चिखलाचा पहिला थर आणि पार्किंगची फरशी यांना प्रकल्पाचं पाणी चालतं. शेवटचा हात मात्र चार-पाच लिटर स्वच्छ पाण्याने फिरवायचा आणि गाडी लगेच कोरडी करायची. पाणी गाळून क्लोरिन दिलेलं असावं, त्याला रंग-वास नसावा. ते बादलीनेच वापरावं, फवारू नये, कारण फवाऱ्याचे तुषार धुणाऱ्याच्या नाका-तोंडात जातात. त्या नळाचा रंग वेगळा असावा आणि वर ‘पिण्यासाठी नाही’ अशी पाटी असावी. पहाटे काम करणारी मुलं तहान लागली की जवळचाच नळ उघडतात. ज्या दिवशी प्रकल्प बिघडलेला असेल आणि पाण्याला वास येत असेल, त्या दिवशी धुणं बंद ठेवून गाड्या नुसत्या पुसाव्यात.

वापरलेलं पाणी कुठे जातं, हेही एकदा पाहायला हवं. तळघरात ते पन्हाळीतून खड्ड्यात जमा होतं आणि पंपाने बाहेर फेकलं जातं. त्यात माती, साबण आणि थोडं तेल असतं. पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याच्या चेंबरजवळ गाड्या धुतल्या तर हा गाळ त्या चेंबरमध्ये उतरतो. वाळू-खडीचे थर बुजतात आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी मुरेनासं होतं. पोडियमवर, म्हणजे खाली पार्किंग असलेल्या स्लॅबवर, धुणं चालू असेल तर वेगळंच नुकसान होतं. पाणी सांध्यांतून झिरपताना सिमेंटमधला चुना घेऊन खालच्या गाडीवर थेंबाथेंबाने पडतं. ते डाग रंगात उतरतात आणि साध्या धुण्याने जात नाहीत. खालचा गाडीमालक बिल्डरला दोष देत राहतो आणि वरचं धुणं चालूच असतं. धुण्याची जागा जमिनीवरची, उताराची आणि गटाराला जोडलेली असावी.

गाडीवर ओरखडे का पडतात, याचा संबंध महिन्याच्या दराशी आहे. म्हणून दराबद्दलही बोलायला हवं. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर चाळीस-पन्नास मायक्रॉनचा असतो, केसाच्या जाडीहून कमी. नव्या उपनगरांत शेजारी बांधकामं चालू असतात आणि तिथली धूळ म्हणजे बारीक कठीण रेती. कोरड्या धुळीवर ओलं फडकं घासलं की ती रेती फडक्याखाली येते आणि त्या थरावर गोल गोल रेघा ओढते. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर रात्री मोबाइलचा टॉर्च धरला की प्रकाशाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात. त्या दिसल्या की पुसण्याची रीत चुकते आहे, हे नक्की.

बरोबर रीत अशी, की आधी मऊ मोठ्या ब्रशने किंवा झटकणीने धूळ उडवायची आणि मग भिजवून घट्ट पिळलेलं मायक्रोफायबरचं फडकं छतापासून खालच्या दिशेने फिरवायचं. फडकं दर दोन-तीन पत्र्यांनंतर घडी बदलून वापरायचं. चाकांचं आणि खालच्या पट्टीचं फडकं वेगळं. साबण गाडीचाच हवा. कपड्यांच्या पावडरीने रंगावरचं मेण निघून जातं. हे सगळं करायला एका गाडीला सात मिनिटं लागतात, आणि धुवायचं असेल तर वीस.

आता एका माणसाची सकाळ पाहू. पाच ते साडेनऊ म्हणजे दोनशे सत्तर मिनिटं. त्याच्याकडे तीस गाड्या असतील तर रोज पाच गाड्या धुण्याला शंभर मिनिटं जातात आणि पंचवीस पुसण्याला पावणेदोनशे. सकाळ तिथेच भरली. पाचशे रुपये दर धरला तर तीस गाड्यांचे पंधरा हजार होतात, आणि त्यातून कंपनीचा वाटा, फडकी आणि शाम्पू यांचा खर्च निघतो. कमिटीने घासाघीस करून दर तीनशेवर आणला तर तेवढ्याच पैशांसाठी त्याला पन्नास गाड्या घ्याव्या लागतात. मग पुसायच्या गाडीला चार मिनिटंही मिळत नाहीत, झटकणी बाजूला पडते, फडकं पिळायला वेळ नसतो आणि एकाच बादलीत पंधरा गाड्यांची रेती जमते. त्या बादलीच्या तळाशी हात घालून पाहिला तर ती बोटांना लागते. म्हणून दर ठरवताना कमिटीने कंपनीला एक प्रश्न विचारावा : तुमच्या एका माणसाकडे किती गाड्या असतील? उत्तर पस्तीसच्या वर गेलं तर दर कितीही आकर्षक असला तरी सभासदांना ते सांगायला हवं.

दुचाकीचं काम लहान, पण तिचे धोके वेगळे. तापलेल्या इंजिनवर आणि सायलेन्सरवर थंड पाणी टाकू नये. जोराची धार चाकाच्या मधल्या बेअरिंगवर, किल्लीच्या जागेवर आणि स्कूटरच्या हवेच्या फिल्टरवर मारू नये. इलेक्ट्रिक स्कूटरच्या चार्जिंगच्या तोंडावर तर मुळीच नको. मोटरसायकल धुतल्यावर चेन पुसून तिला तेल लावलं नाही तर दोन दिवसांत तांबूस गंज दिसतो. दुचाकीला एक बादली भरपूर झाली.

आता परवानगी. रोजचा कारभार कार्यकारी समिती पाहते, त्यामुळे माणसांना आत येऊ द्यायचं का, किती वाजता, कुठल्या फाटकाने, हे ती बैठकीत ठरवू शकते. पण सामाईक पाणी आणि सामाईक जागा एका व्यावसायिकाला नियमित वापरू द्यायची असेल तर विषय सर्वसाधारण सभेपुढे नेणं शहाणपणाचं. निदान तीन महिन्यांची चाचणी समितीने मंजूर करावी आणि पुढचा निर्णय सभेवर सोडावा. सदस्यांकडून वर्गणी गोळा करण्याच्या कामात सोसायटीने पडू नये. ती रक्कम मेंटेनन्सच्या बिलात आली की तक्रारी, थकबाकी आणि कराचे प्रश्न सगळे सेक्रेटरीच्या टेबलावर येतात. कंपनीकडून सोसायटीला प्रवेश शुल्क मिळत असेल, तर ते उत्पन्न सभासदांकडून आलेलं नाही, त्यामुळे सभासदांच्या वर्गणीला मिळणारी करातली सवलत त्याला लागू होत नाही. लेखापरीक्षकाला आधी विचारलेलं बरं.

ठराव असा लिहिता येईल :

‘सोसायटीच्या आवारात सभासदांची वाहने पुसण्याची व धुण्याची सेवा देण्यास अर्जदारास तीन महिन्यांसाठी प्रायोगिक तत्त्वावर परवानगी देण्यात येत आहे. सेवेची वर्गणी सभासद व अर्जदार यांनी परस्पर ठरवावी. सोसायटी त्यास जबाबदार राहणार नाही. पाणी केवळ मीटर बसवलेल्या नळावरून बादलीने घ्यावे. नळास पाइप जोडल्यास परवानगी रद्द करण्यात येईल. मीटरप्रमाणे पाण्याचे शुल्क अर्जदाराने दरमहा भरावे. एप्रिल व मे महिन्यांत, तसेच टँकरचा पुरवठा अपुरा असेल त्या दिवशी, वाहने केवळ पुसण्यात यावीत. सर्व कामगार अठरा वर्षांवरील असावेत व त्यांची पोलीस पडताळणी झालेली असावी. वाहनाच्या किल्ल्या मालकाच्या उपस्थितीशिवाय घेऊ नयेत. आधीपासून वैयक्तिकरीत्या काम करणाऱ्या व्यक्तींना याच अटींवर नोंदणी करता येईल.’

खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावं, आणि विरोध नोंदवला असेल तर तोही.

यातलं शेवटचं वाक्य अनेक ठरावांत नसतं, आणि त्याचा परिणाम मला फार कठोर वाटतो. आठ-दहा वर्षं त्याच सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या माणसाला एका सकाळी फाटकावर सांगितलं जातं, की आता आत फक्त कंपनीच्या माणसांनाच सोडायचं. त्याचे वीस-बावीस गाडीमालक, महिन्याची ठरलेली कमाई सगळं जातं. अनेकदा तोच माणूस कंपनीचा गणवेश घालून निम्म्या पैशांत परत येतो. मीटर, बादली, पडताळणी आणि वेळ या अटी त्यालाही पाळता येतात. सभासदाने कुणाकडून गाडी पुसून घ्यायची हे सभासदानेच ठरवावं.

चाचणीच्या तीन महिन्यांत मीटरचा आकडा सूचनाफलकावर लावत राहावा. पहिल्या महिन्यात एकवीस युनिट आणि तिसऱ्यात अडतीस आले, गाड्यांची संख्या मात्र तीच राहिली, तर दोनच शक्यता असतात. पाइप परत लागला आहे किंवा नळ गळतो आहे. रात्री दहाला आकडा टिपावा आणि पहाटे पाचला काम सुरू होण्याआधी पुन्हा पाहावा. मधल्या वेळात लाल आकडे सरकले असतील तर प्लंबरला बोलवावं. सरकले नसतील, तर सकाळी सहाला समितीतल्या कुणीतरी पार्किंगमध्ये उतरून पाहावं.